अकरानं भागलेलं बिल

लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं, तेव्हा नव्या कचेऱ्यांमध्ये बदलून आलेल्या कारकुनांनी मिळून एक गृहनिर्माण संस्था काढली आणि तिचं नावच ठेवलं 'नवजिल्हा'. इमारत उभी राहायला पुढं सहा-सात वर्षं गेली. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर तीन असे बारा फ्लॅट. आठ सहाशे फुटांचे, चार नऊशेचे. त्या कारकुनांपैकी आता तिघंच उरले होते. त्यातले हणमंतराव कलेक्टर कचेरीतून रिटायर झाले होते आणि कुणी दुसरं तयार होत नाही म्हणून वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते.

दोन हजार सोळाचा एप्रिल चालू होता. नगरपालिकेच्या, म्हणजे आता महापालिकेच्या, नळाला जानेवारीपासून पाणी नव्हतं. सोसायटीचं बोअर दिवाळीतच आटलं होतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं, पण त्यातलं नवजिल्हापर्यंत काही पोचत नव्हतं. एक दिवसाआड टँकर यायचा, ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, आणि सकाळी हणमंतराव स्वतः वर जाऊन एकेका फ्लॅटचा कॉक ठरलेला वेळ उघडायचे. प्रत्येक फ्लॅटला टाकीवरून वेगळा पाइप होता, त्यामुळे वाटप सोपं होतं. माणशी नव्हे, घरटी नव्हे, पाइपाला सारखं.

मार्चचं बिल आलं तेव्हा चार नंबरच्या सरजाबाई ते घेऊन हणमंतरावांच्या दारात उभ्या राहिल्या. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. एकट्या राहायच्या.

"दोन हजार सहाशे चाळीस," त्या म्हणाल्या. "एका बाईला. मी काय टँकरमधी बसून आंघोळ करून राहिले का?"

"पाणी महाग झालं बाई. मी काय घरचं लावलं का?"

"तुम्ही लावलं असं कुठं म्हणाले मी? पण कुणीतरी हे एकदा नीट बघावं."

हणमंतरावांना ते पटलं. आकडे जुन्या कागदावरून पुढं ओढत आणताना त्यांना स्वतःलाही अलीकडं धाकधूक वाटायची. त्यांनी बिलाचा तक्ता, टँकरच्या पावत्या आणि सभासद रजिस्टर एका पिशवीत घातलं आणि दुसऱ्या मजल्यावर जगदेवीकडं नेऊन दिलं. जगदेवी एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहायची. शहरातल्या दोन-तीन सोसायट्यांची कामं तिच्याच टेबलावर असायची.

"ताई, रविवारी सवडीनं बघा. चूक असली तर सांगा, नसली तर तसं लिहून द्या. मी बोर्डावर लावतो."

जगदेवीचं घर म्हणजे सात आणि आठ नंबर मिळून एक. तिचे थोरले दीर शिवप्पा, घरातले अण्णा, यांची मार्केट यार्डात आडत होती, तिचा नवरा विरूपाक्ष त्यातच भागीदार. शिवप्पांनी आधी सात नंबर घेतला, नंतर शेजारचा आठ, आणि मधली भिंत फोडून दार काढलं. सातमध्ये स्वयंपाकघर आणि देवघर, आठमधलं स्वयंपाकघर काढून तिथं झोपायची खोली केलेली. शिवप्पा, त्यांची बायको पार्वतम्मा, मुलगा, सून, दोन नातवंडं, आणि जगदेवीकडचे तिघं, अशी नऊ माणसं. सगळ्यांचा स्वयंपाक एका चुलीवर. यार्डात शिवप्पा हे अभिमानानं सांगत.

रविवारी जेवणं उरकल्यावर जगदेवीनं जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.

तिनं आधी क्षेत्रफळाची बाजू घेतली, कारण चुका बहुधा तिथंच सापडतात. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड हे फ्लॅटच्या बांधकामखर्चावर ठरतात, म्हणजे शेवटी क्षेत्रफळावरच. सर्वसाधारण सभेनं दोन्ही मिळून फुटाला पन्नास पैसे महिना ठरवले होते. सहाशेच्या फ्लॅटला तीनशे, नऊशेच्याला साडेचारशे. सात-आठचं एकत्र बिल, बाराशे फूट, सहाशे रुपये. बेरीज चार हजार दोनशे. इमारतीचं एकूण क्षेत्रफळ आठ हजार चारशे. बरोबर.

मग सेवाशुल्क. वॉचमनचा पगार, जिन्याची झाडलोट, जिन्यातले दिवे, पंपाची वीज, लिहिण्याचा खर्च. हे क्षेत्रफळावर नसतं, फ्लॅटमागं सारखं असतं. नऊशे फूटवाल्याचा वॉचमन काही जास्त जागत नाही. एकूण नऊ हजार दोनशे चाळीस, प्रत्येकी आठशे चाळीस.

ती थांबली. आठशे चाळीस गुणिले बारा दहा हजारांवर जातं. गुणिले अकरा केलं तर नऊ हजार दोनशे चाळीस येतं.

तिनं टँकरच्या पावत्या मोजल्या. पंधरा टँकर, अकराशेचा एक. साडेसोळा हजार. बिलात प्रत्येकी दीड हजार. इथंही अकरा.

क्षेत्रफळाच्या रकान्यात बारा फ्लॅट होते आणि सारख्या वाटणीच्या रकान्यात अकरा. बारावा कुठं गेला ते शोधायला रजिस्टर उघडायची गरज नव्हती, तरी तिनं उघडलं. भागपत्र सात, शिवप्पा. भागपत्र आठ, पार्वतम्मा. दोन सभासद, दोन मतं, महापालिकेच्या कराच्या पावत्याही दोन. बिल मात्र एक. आणि गच्चीवर पाइप दोन होते. रोज सकाळी दोन्ही कॉक उघडत होते. उपविधीत तर पाण्याचा खर्च नळजोडांच्या संख्येवर वाटायचा असं साफ लिहिलेलं होतं.

म्हणजे त्यांचं घर पाणी दोन वाट्यांचं घेत होतं आणि पैसे एका वाट्याचे देत होतं. उरलेला वाटा दहा घरांवर पसरला होता. टँकरचे सव्वाशे आणि सेवाशुल्काचे सत्तर, असे एकशे पंचाण्णव रुपये प्रत्येक घर त्यांच्यापायी जास्त भरत होतं. सरजाबाईसुद्धा.

पाणी फुकट होतं तोवर हा फरक कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. जगदेवीनं कागद पुन्हा पहिल्यापासून तपासले, काही निसटलं असेल या आशेनं. निसटलं नव्हतं.

विरूपाक्ष दुपारची झोप काढून उठला तेव्हा तिनं त्याला सांगितलं.

"सगळं बरोबर हाय असं लिहून दे," तो म्हणाला.

"बरोबर नाही ते."

"तुला कळतंय का अण्णाला काय वाटंल? दोन बिलं करा म्हणजे दोन घरं करा. धाकटीला वेगळं व्हायचंय, असंच म्हणतील सगळे."

"मी वेगळं व्हायचं बोललेच नाही."

"बोलायला कशाला लागतंय?"

तिला ते लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. सून आल्यापासून स्वयंपाकघरात जगदेवीला उभं राहायला जागा उरली नव्हती, आणि आठ नंबरमध्ये एक गॅस असता तर बरं झालं असतं असं तिच्या मनात येऊन गेलेलं होतं. पण बिलाची बेरीज तिच्या मनावर अवलंबून नव्हती. आणि दुसऱ्या कुणी हे काढलं असतं तर जास्त वाईट दिसलं असतं. तिनं ठरवलं, हणमंतरावांना सांगायच्या आधी अण्णांना सांगायचं.

सकाळी शिवप्पा इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळावर विभूती लावून नाष्ट्याला बसले, तेव्हा तिनं कागद समोर ठेवला आणि सरळ सांगितलं. तिनं आवाज खाली ठेवला होता. पार्वतम्मा तव्यापाशी होती, तिची पाठ इकडं होती.

शिवप्पांनी कागदाला हात लावला नाही.

"एकत्र बिलाचा ठराव हाय सोसायटीचा," ते म्हणाले. "विचार हणमंतरावाला. बोअरची मोटर जळाली, बोअर आणखी खाली न्यायचं होतं, सोसायटीकडं दमडी नव्हती. मी पैसे घातले. परत मागितले न्हाईत. तवा सगळे म्हणाले, शिवप्पा, तुमचं दोन्ही घराचं एकच बिल धरू. मी कुणाचं खाल्लेलं न्हाई."

"खाल्लं असं मी म्हणत नाही, अण्णा. तेव्हाचं तेव्हा बरोबर होतं. आता ते बोअरच आटलंय, आणि टँकरचे पैसे लोक दर महिन्याला देऊन राहिलेत."

"चूल एक हाय का दोन?"

"एक."

"मग घर एक. ज्या दिवशी या दारात दोन बिलं येतील, त्या दिवशी यार्डात लोक म्हणतील शिवप्पाचं घर फुटलं. तू नोकरी करतीस, तुझं शिक्षण हाय, पण घरचा हिशेब बाहेरच्यासाठी करायचा नसतो."

ते हात धुवून निघून गेले. त्यांचं थालीपीठ अर्धंच राहिलं होतं. पार्वतम्मानं ते उचललं आणि झाकून ठेवलं.

जगदेवीनं संध्याकाळी पिशवी हणमंतरावांना परत दिली आणि जे सापडलं ते कागदावर लिहून दिलं. हणमंतरावांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ताई, हे तर मीच..." ते म्हणाले. "जुना तक्ता. अकरानं भागायची सवय."

"ठराव खरा आहे का, काका?"

"खरा हाय. शिवप्पानं त्या वेळी वाचवलं सगळ्यांना. पण कधीपर्यंत ते लिहिलं न्हाई आम्ही. लिहायला पायजे होतं."

पुढच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा बोलावली. स्कूटर बाजूला सारून खुर्च्या मांडल्या. हणमंतरावांनी तक्ता वाचून दाखवला आणि चूक कुणाच्या घरी आहे ते न लपवता सांगितलं. जगदेवीनं हिशेब केलाय हेही सांगितलं. माणसं तिच्याकडं बघायला लागली. कुणाच्या नजरेत कौतुक होतं, कुणाच्या नजरेत दुसरंच काही.

सरजाबाई शांतपणे म्हणाल्या, "मोटरीचे पैसे कुणी विसरलं न्हाई. पण अण्णा, इतक्या वर्षांत ते फिटले असतील की. मी पेन्शनवर हाय. एका वाट्याचं पाणी घेते, एका वाट्याचे पैसे देते. तुम्ही दोन घ्या, दोनाचे द्या."

दुसरं कुणी म्हणालं, "नायतर एकाचे द्या आन एकच घ्या."

शिवप्पा उभे राहिले. धोतराचा सोगा त्यांनी हातात धरला होता.

"हेच बोला की मग," ते म्हणाले. "माझं घर एक हाय. मला एका घराचं पाणी द्या. उद्यापासून आठ नंबरचा कॉक बंद करा, हणमंतराव. टँकर अकरानं भागा आन पाणीबी अकरा जागी द्या."

"अण्णा, घरात लहान लेकरं हायत," हणमंतराव म्हणाले.

"लेकरं माझी हायत."

वॉचमनचे आणि झाडलोटीचे पैसे तरी फ्लॅटमागंच येणार, हा मुद्दा कुणीतरी काढला, पण तो पुढच्या सभेवर गेला. शिवप्पा तोवर जिना चढायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून आठ नंबरच्या नळाला पाणी आलं नाही.

बारा वाटे होते तेव्हा एका पाइपाला दिवसाला सरासरी अडीचशे लिटर पडायचे. आता अकरा झाल्यावर थोडं वाढलं, पावणेतीनशेच्या आसपास. पण नऊ माणसांना आधी पाचशे मिळत होते, आता त्याच्या निम्म्याहून जरा जास्त. आठ नंबरचं न्हाणीघर आणि संडास कोरडे पडले. सातमधल्या पिंपातून बादल्या भरून दाराच्या उंबरठ्यावरून पलीकडं न्यायच्या. शिवप्पा पहाटे तांब्याभर पाण्यात हातपाय धुऊन पूजेला बसायचे आणि मग दुकानात जायचे. दुकानात त्यांना पाणी मिळायचं. बादल्या पार्वतम्मा न्यायची. जगदेवी नऊला ऑफिसला जायची, सून लेकरात गुंतलेली. जगदेवी निघायच्या आधी जमेल तेवढ्या बादल्या नेऊन ठेवायची, पण दुपारपर्यंत त्या संपलेल्या असायच्या.

शिवप्पा जगदेवीशी बोलायचे बंद झाले. तिच्यासाठी काही निरोप असला तर विरूपाक्षाला सांगायचे, ती समोर असली तरी. विरूपाक्ष तो निरोप तिला पुन्हा सांगायचा. दोघांनाही ते हास्यास्पद आहे हे कळत होतं, पण कुणी हसत नव्हतं.

एके दिवशी जगदेवी ऑफिसातून आली तर पार्वतम्मा आठ नंबरच्या पलंगावर कंबरेला गरम फडकं लावून पडली होती.

"अक्का, काय झालं?"

"उंबऱ्यात पाय अडकला. बादली सांडली. कंबर न्हाई मोडली, पाणी गेलं त्याचं वाईट वाटलं."

जगदेवी तिच्याजवळ बसली. "माझ्यामुळं झालं हे सगळं."

"तू काय केलीस? बेरीज केलीस." पार्वतम्मानं फडकं सारखं केलं. "एक विचारू का? त्या रजिस्टरात आठ नंबर माझ्या नावावर हाय, खरं का?"

"खरं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"सही केली होती. माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या त्याला, म्हणून माझ्या नावानं घेतलं होतं. पण बिल कधी माझ्या नावानं आलं न्हाई, मग ध्यानात राहत न्हाई." मग ती म्हणाली, "बिल कसं वाचायचं ते सांग मला. कुठलं फुटावर आन कुठलं सारखं."

जगदेवीनं मार्चचं बिल आणलं. पार्वतम्मा सातवीपर्यंत शिकलेली होती. आकडे तिला चांगले कळत होते, घरखर्च सगळा तीच बघायची. जगदेवीनं आठ नंबरचं वेगळं बिल कागदाच्या मागं मांडून दाखवलं. सेवाशुल्क बारानं भागून सातशे सत्तर. पाणी तेराशे पंच्याहत्तर. सहाशे फुटांचे तीनशे. एकूण दोन हजार चारशे पंचेचाळीस.

"आन सातचं?"

"तेवढंच. फूट सारखेच आहेत."

"म्हणजे सरजाबाईएवढंच."

"हो."

पार्वतम्मानं कागद घडी करून उशीखाली ठेवला.

दोन दिवसांनी, दुपारी, सगळे बाहेर असताना ती जिना उतरून हणमंतरावांच्या दारात गेली. सोसायटीच्या कामासाठी त्या दारात ती पहिल्यांदाच गेली होती. हणमंतरावांनी नंतर जगदेवीला सांगितलं ते असं: त्या आल्या, बसल्या नाहीत, पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, आठ नंबरचं बिल माझ्या नावानं फाडा. मी सभासद हाय. माझ्या नळाचं पाणी सोडा. हणमंतरावांनी विचारलं, शिवप्पांना माहीत आहे का? त्यावर त्या म्हणाल्या, त्यांच्या नंबराचं त्यांना विचारा, माझ्या नंबराचं मला.

हणमंतरावांनी पावती केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बारा कॉक उघडले.

आठच्या न्हाणीघरात नळ आधी खरखरला आणि मग त्याला धार लागली. शिवप्पा विभूती लावत होते. ते उठून दारात आले.

"कुणी सोडायला सांगितलं?"

"मी," पार्वतम्मा म्हणाली. ती पिंप लावून उभी होती. "पैसे भरले काल."

"मला न सांगता?"

"तुम्ही दुकानात होता."

"सगळ्यांसमोर मी काय बोललो ते ऐकलं न्हाईस का? घर एक हाय म्हणालो मी."

"एकच हाय की. चूल एक, दार उघडं. त्याला कुणी काय केलंय?" तिनं पिंपावर झाकण ठेवलं, कारण धार आता तिरकी उडत होती. "पण पाणी दोन ठिकाणचं पायजे तर पैसे दोन ठिकाणचे द्यावे लागतात. तुम्ही आडतीवर दुसऱ्याला एका पोत्याचे पैसे देऊन दोन पोती नेऊ द्याल का?"

जगदेवी आपल्या खोलीच्या दारात उभी होती. शिवप्पा तिच्याकडं वळतील असं तिला वाटलं, पण ते पूजेला परत गेले. नाष्ट्याला आले तेव्हा त्यांनी सगळी भाकरी खाल्ली.

त्याच आठवड्यात त्यांनी हणमंतरावांना दुकानात बोलावून घेतलं आणि मागच्या महिन्यांचं विचारलं. टँकर सुरू झाल्यापासूनचा फरक तरी द्यायचा असं दोघांनी ठरवलं. त्याआधीचं मोटरीच्या पैशात गेलं असं धरायचं, हे सरजाबाईंनीच सुचवलं होतं. फरकाची रक्कम शिवप्पांनी एका चेकनं दिली आणि ती मेच्या बिलात दहा घरांना वजा करून मिळाली. हणमंतरावांनी नवा तक्ता जगदेवीकडून मांडून घेतला. त्यात बारा ओळी होत्या.

यार्डात काय बोललं गेलं ते कुणी घरी आणलं नाही. विरूपाक्ष म्हणाला, एक-दोघांनी विचारलं, वेगळे झालात का म्हणून. अण्णांनी उत्तर दिलं, पाण्याचं बिल वेगळं झालं.

जगदेवीशी त्यांचं बोलणं हळूहळू सुरू झालं. पहिल्यांदा ते तिला बोलले ते घरपट्टीच्या दोन पावत्या हातात घेऊन. "हे बघ बरं, दोन्हीचे फूट सारखे लावलेत का?" तिनं बघितलं. सारखेच होते. ती तसं म्हणाली आणि ते बरं म्हणाले. तिला आठमध्ये गॅस मिळाला नाही आणि तिनंही तो विषय काढला नाही. काही गोष्टी तिनं आपल्या मनातच ठेवल्या.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. तोवर पाऊस होऊन टाकीत पाणी आलं होतं, पण टँकरची धास्ती कुणाच्या मनातून गेली नव्हती. विषय होता, शिलकीतून नवं बोअर घ्यायचं की प्रत्येक फ्लॅटच्या पाइपाला मीटर बसवायचे. शिवप्पा बोअरच्या बाजूनं बोलले आणि चांगलं बोलले. मग हात वर करायची वेळ आली. त्यांनी बोअरला हात वर केला. दुसऱ्या रांगेत, सरजाबाईंच्या शेजारी बसलेल्या पार्वतम्मानं मीटरला केला.

हणमंतरावांनी हात मोजले, वहीत लिहिले आणि मीटरचा ठराव सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाल्याचं वाचून दाखवलं. शिवप्पांनी मागं वळून बायकोकडं पाहिलं.

"मीटर बिघडला की दुरुस्ती कोण करणार?" ते म्हणाले.

"ज्याचा मीटर त्यानं," पार्वतम्मा म्हणाली आणि जेवणाची वेळ झाली म्हणून उठली.